टेलरमास्तर आणि माझं डोकं

मेव्हण्याचं जुनं हेल्मेट मी दोन वर्षं वापरलं. फुकटचं असल्यामुळे ते मोठं आहे हे मी मनावर घेतलं नव्हतं. परवा विजापूर रोडवर एका स्पीडब्रेकरवर गाडी उडाली, मी उडालो, आणि हेल्मेट मात्र खाली उतरून नाकावर बसलं. सगळा अंधार. ब्रेक दाबून कसाबसा कडेला थांबलो. चटणीच्या दुकानासमोर आहे, हे वासावरून कळलं.

घरी बायकोने हेल्मेटच्या आतलं स्टिकर शोधून वाचलं. 620 मिलिमीटर. "आणि तुमचं डोकं किती?" चाळीस वर्षांत पायापासून पोटापर्यंत सगळं मोजून झालंय, डोकं कुणी मोजलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर युनिफॉर्म शिवणारे टेलरमास्तर राहतात. टेप त्यांच्या गळ्यातच असतो. त्यांनी तो माझ्या डोक्याला गुंडाळला आणि म्हणाले, "साडेतेवीस." अडीचने नाही, बरोबर 2.54 ने गुणलं, तर साठ सेंटिमीटरच्या जवळ आलं. म्हणजे लार्ज. मी निघणार तेवढ्यात बायकोने विचारलं, "मास्तर, लूजिंग किती धरलंत?"

"अर्धा इंच. सवय हो वहिनी. पोरं वाढतात ना."

माझं डोकं आता कुठे वाढतंय! मग बायकोनेच सूत्रं हातात घेतली. टेप भुवयांच्या दोन बोटं वर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर असतं तिथून. सगळीकडे सपाट. मास्तरांचा टेप मागे मानेकडे घसरत होता, म्हणून तीनदा मोजलं. एकदा पावणेतेवीस, दोनदा तेवीस. यातला सगळ्यात मोठा आकडा धरायचा. तेवीस, म्हणजे 58.4 सेंटिमीटर. मास्तर म्हणाले, "मग अर्ध्या इंचाचं काय बिघडतं?" अहो, तेवढ्यानेच मीडियमचं लार्ज होतं!

नव्या पेठेतल्या दुकानात 580 चं मीडियम आणि 600 चं लार्ज असं दोन्ही मांडून घेतलं. माझं डोकं दोन्हींच्या मधलं, पण मीडियमच्या जास्त जवळ. अशा वेळी आधी लहान घालून बघायचं, कारण आतला फोम वापराने थोडा दबतो. मीडियमच्या पट्ट्या दोन्ही हातांनी बाहेर ओढून मी डोकं आत ढकललं. कान दुमडले, गाल वर सरकले. आरशात गालगुंड झालेला मी.

"बोला काहीतरी," दुकानदार म्हणाला.

"शेंगाचटणी," म्हणालो, आणि आतून गाल चावला.

"बरोबर बसलंय!" तो आनंदाने म्हणाला.

माझ्या यातनेवर खूश होणारा दुकानदार पहिल्यांदाच पाहिला. पण त्याचं खरं होतं. त्याने हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं, तर कपाळाची कातडी आणि गाल हेल्मेटबरोबरच ओढले गेले. लार्ज घातलं तेव्हा हेल्मेट सातरस्त्याकडे वळलं आणि मी पुढेच बघत राहिलो. "गालाचे पॅड जाड टाकून देऊ?" मी लगेच विचारलं. पॅड बटणांवर बसतात, काढून जाड-पातळ बदलता येतात. तो म्हणाला, "गाल धरतील, पण वर डोक्याभोवतीची पोकळी तशीच राहील. आधी टाळू बसली पाहिजे, मग गाल."

मग मीडियम घालून वीस मिनिटं बसवलं. मे महिना, सोलापूर, पंखा गल्ल्याकडे वळवलेला. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल खूण उमटली असती, तर आतला आकार माझ्या डोक्याचा नाही, असं समजायचं होतं. माझ्या कपाळावर सगळीकडे सारखाच घाम होता.

शेवटी पट्टा. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढा. त्याने मागची खालची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे उलटायला जोर लावला. मी हेल्मेटसकट वाकलो, पण ते निघालं नाही. मग गंमत म्हणून मेव्हण्याचं घातलं, पट्टा गळ्याला काचेपर्यंत आवळला. एका झटक्यात ते पुढे लोळून दुकानदाराच्या हातात आलं. पट्टा माझ्या हनुवटीवरून घसरून गेला होता. दोन वर्षं मी तोच आवळून स्वतःला सुरक्षित समजत होतो.

नवं हेल्मेट घेऊन आलो, तर मास्तर दारातच उभे. पट्ट्याचं लोंबणारं टोक त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं.

"हे वाढीव आहे. कापून मशीन मारून देऊ?"

मी हेल्मेट डोक्यातच ठेवून जिना चढलो.