गुरगुरी शेवटी जात का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

«'गुरगुरी' ही गोष्ट सहा वर्षांच्या नातीला वाचून दाखवली. स्पष्टच लिहितो, पटली नाही. पोरीच्या मनात नसलेलं भूत तुम्ही नाव देऊन बसवता. आजी 'येईल गं तुझी माय, काही होत नाही' एवढं म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. त्यात टेम्पो उशिरा आणून लेकराला उगाच रडवलं. आणि एवढं करून गुरगुरी शेवटी जातही नाही! लहानांच्या गोष्टीचा शेवट गोड हवा.»
– एक वाचक, धुळे

काका, राम राम. गोष्ट ऐकून नात काय म्हणाली ते तुम्ही लिहिलं नाहीत. ते वाचायला मला फार आवडलं असतं.

आधी आजीचं बघू. ते वाक्य गोष्टीत आहे, पहिल्याच पानावर. पमीची आई कापूस वेचायला जाते, दिवेलागणीला टेम्पो सगळ्या बायकांना गावात आणून सोडतो. पमी चार वाजल्यापासून ओट्यावर. "आजी, माय येईल ना?" "येईल गं." पमी घटकाभर गप्प बसते आणि पुन्हा तेच विचारते. आजी पुन्हा तेच सांगते. ज्या घरात असं लेकरू आहे तिथे हा खेळ रोज चालतो. दिलासा मिळाला की पोटातली कालवाकालव थांबते, पण थोडाच वेळ. त्या थोड्या वेळात मूल एकच गोष्ट शिकतं: बरं वाटायचं असेल तर विचारायचं. म्हणून आठवड्याभरात प्रश्न कमी न होता वाढतात. मुलांच्या चिंतेवर काम करणारे लोक पालकांना पहिल्यांदा हेच मोजायला सांगतात, की एका संध्याकाळी तोच प्रश्न किती वेळा आला आणि आपण किती वेळा उत्तर दिलं. आकडा चढत असेल तर आपलं उत्तरच चिंतेला खाऊ घालतंय.

दुसऱ्या पानावर आजी उत्तर देणं थांबवते आणि उलट विचारते. कुठे होतंय? पमी पोटावर हात ठेवते. कसं होतंय? "गुरगुरतं." काय म्हणतं ते? "म्हणतं, माय येणार नाही." मग त्याला काय म्हणायचं? नाव पमीने ठेवलंय, आजीने नाही, आणि मी ते मुद्दाम तसं लिहिलंय. मोठ्यांनी ठेवलेलं नाव मुलाला चिकटत नाही, आणि चिकटलंच तर भलतंच भयंकर असतं. 'राक्षस', 'हडळ' असलं नाव आपण पुरवलं, तर तुम्ही म्हणता ते भूत खरोखर बसेल. मुलाला शरीरात जे जाणवतं त्यातूनच नाव निघालं की ते आपोआप बेताचं निघतं.

आणि काका, नाव तर आपण आत्ताही ठेवतोच. फक्त ते पोरीला ठेवतो. 'भित्री भागूबाई' हे कुठल्या घरात ऐकलं नाही? त्या नावाशी भांडायचं म्हणजे पोरीने स्वतःशीच भांडायचं. गुरगुरीशी भांडायला पमी आणि आजी एका बाजूला बसू शकतात. ऑस्ट्रेलियातले मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडमधले डेव्हिड एप्स्टन या दोन कुटुंब-समुपदेशकांनी १९८०च्या दशकात मुलांबरोबर काम करताना ही रीत मांडली: अडचण मुलाच्या बाहेर काढायची, तिला मुलाकडूनच नाव द्यायचं आणि मग ती घरात काय काय उद्योग करते ते विचारायचं. भावनेला शब्द दिला की काय होतं हे २००७ साली मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. चेहऱ्यांच्या चित्रांवरच्या भावनेला शब्द लावताना मेंदूतल्या अमिग्डाला या, भीती वाटली की जागा होणाऱ्या भागाची खळबळ कमी दिसली. पण ती मोठी माणसं होती आणि समोर नुसती चित्रं होती. त्यावरून कुठल्याही लेकराची भीती नावाने पळेल असं मी म्हणणार नाही. नाव ही फक्त पकड आहे. पकडून पुढे काहीतरी करावं लागतं.

पमी काय करते? सहा वर्षांच्या मुलीला 'एक ते दहात भीती किती' असं विचारून उपयोग नाही, म्हणून आजी मांडणीतली भांडी दाखवते. "आज कितली शे?" पमी परात दाखवते. मग ठरतं, की माय कधी येईल हे संध्याकाळी एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं तर तव्यावरची कळण्याची भाकरी उतरेपर्यंत थांबायचं. दुसऱ्या दिवशी दोन भाकऱ्या. थांबताना गुरगुरीला सांगायचं, "काल बी हेच म्हनली होतीस. माय तर आली." चौथ्या भाकरीपर्यंत परातीची वाटी होते. हे आकुंचन जादूचं नाही. प्रश्न न विचारताही पोटातलं आपोआप उतरतं, हे पमीने तव्यासमोर बसून अनुभवलेलं असतं. पहिल्याच दिवशी चार भाकऱ्या थांबायला लावलं असतं तर ती हरली असती आणि गुरगुरी जिंकली असती.

आता टेम्पो. तेवढं पान काढायला मला आणखी दोघा-तिघांनी सांगितलं, आणि मी ते काढणार नाही. टेम्पो रोज वेळेवर आला असता तर पमी एवढंच शिकली असती, की माय वेळेवर येते म्हणून घाबरायचं नाही. मग एक दिवस चाक पंक्चर झालं की सगळं कोसळलं. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत टेम्पो उशिरा येणं ही काही मी रचलेली आपत्ती नाही. त्या संध्याकाळी वाटीची पुन्हा परात होते, पमी रडते, आजी "काही होत नाही" म्हणत नाही. ती म्हणते, "उशीर झालाय. का झालाय ते मलाही कळत नाही. गुरगुरी मोठी झालीय ना? चल, तिला घेऊनच पीठ मळू." खोटं वचन न देता शेजारी बसणं, एवढंच आजीच्या हातात आहे. माय येते तेव्हा परातीचं ताट झालेलं असतं, वाटी नाही. एवढीच मजल.

म्हणूनच गुरगुरी जात नाही. ती गेली असं लिहिलं असतं तर पुस्तक मिटल्यावर ज्या मुलाच्या पोटात पुन्हा गुरगुरलं, त्याला वाटलं असतं आपल्यालाच जमलं नाही. काळजी सगळ्यांनाच लागते, ती ज्वारीच्या दाण्याएवढी खिशात राहिली तरी पमी आट्यापाट्या खेळायला जाते. माझ्या मते शेवट गोडच आहे.

दोन ठिकाणी मात्र ही गोष्ट वापरू नका. घरात खरोखर मारहाण असेल, शाळेत कोणी त्रास देत असेल, तर मुलाची भीती बरोबर सांगतेय. ती लहान करायची नसते, ऐकून त्रास थांबवायचा असतो. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, रोज शाळेच्या वेळेला पोट दुखतं, जेवण तुटलंय असं असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी असलेल्या टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवरही मोफत बोलता येतं, मराठीतही.

राहता राहिलं गुरगुरीचं चित्र. काही वाचकांनी विचारलं की पुस्तकात ती कुठेच का दिसत नाही. चित्रकाराने डोळे, दात, शेपूट सगळं काढून दिलं होतं, मीच नको म्हटलं. नातीला वाटलंच तर कोरा कागद द्या. तिने दात काढले तर खोडायला लावू नका, "हिला टोपी घालायची का?" एवढंच विचारा. आणि तिला काहीच काढायचं नसेल तर कागद सरळ विमान करायला देऊन टाका.