शेरूच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

रिव्ह्यू (१ स्टार): "आमच्या शेरूला आंघोळ आणि केस सोडवायला नेलं. ९०० रुपये पर्शियनचं बिल लावलं आणि चार लोकांसमोर म्हणाले हे पर्शियन नाहीच, साधं मांजर आहे. पर्शियन नाही तर पर्शियनचा रेट कसा घेतलासा? पोटाचे केस पण कापून टाकले. आम्ही १२ हजार देऊन घेतलंय, डॉल फेस ट्रिपल कोट. टिळकवाडीत दुसरीकडे जावा."

नमस्कार ताई. चार लोकांसमोर बोललो ते चुकलं, सॉरी. तुम्हाला बाजूला घेऊन सांगायला पाहिजे होतं. पण रेटचं जे लिहिलंय ते मनाला लागलं, म्हणून लांबलचक लिहितोय, रागावू नका.

आमच्या बोर्डवर "पर्शियन / लाँग हेअर ९००" असं आहे, शॉर्ट हेअरला ५००. पैसे जातीचे नाहीत की हो, केसांचे आहेत. शेरूच्या दोन्ही काखेत, कानामागे आणि पोटाखाली गुठळ्या झाल्या होत्या, बोटाने दाबल्या तर वाळलेल्या चिखलासारख्या लागत होत्या. पावसाळ्यात आपल्याकडे मांजर ओलं होऊन आत आलं आणि तसंच झोपलं की हे होतंच. साडेचारची वेळ दिली होती, तुम्ही पाच वीसला आलासा (तरी घेतलं), आणि सव्वासातपर्यंत मी आणि भाऊ दोघं त्याच्यावरच होतो. पोटाची गुठळी कातडीला चिकटली होती, ती कंगव्याने ओढली असती तर कातडी सोलली असती, म्हणून क्लिपर लावला. हे तुमच्या मिस्टरांना दाखवून, विचारून केलं. गुठळ्यांचे वेगळे ३०० असतात ते लावलेच नाहीत.

आता पर्शियनचं. मी आपणहून काही बोललो नाही. तुमच्या मुलाने विचारलं, "काका, ह्याचं नाक चपटं का नाही?" म्हणून सांगितलं. नाकावरून एकदम ठरवू नये हे मीसुद्धा मानतो, कारण डॉल फेस म्हणतात त्या जुन्या वळणाच्या पर्शियनला नाक असतंच. पंच फेसमध्ये दोन डोळ्यांच्या मधोमध खाच पडते आणि नाक वर सरकलेलं दिसतं, डॉल फेसमध्ये तेवढं नसतं. आणि नेमकी इथंच फसवणूक होते बघा, कुठल्याही नाक असलेल्या केसाळ पिल्लाला "डॉल फेस" म्हटलं की झालं, गिऱ्हाईक पुढे काय विचारणार? ट्रिपल कोट पण तसलाच शब्द, पर्शियनच्या स्टँडर्डमध्ये तो कुठेच नाही, विकणाऱ्यांनी बाजारात आणलाय.

म्हणून मी नाक सोडून कान बघतो. पर्शियन डॉल फेस असो की पंच, कान बारके, टोकाला गोल आणि डोक्याच्या दोन बाजूंना लांब लांब बसवलेले, मधे रुंद गोल डोकं. शेरूचे कान उंच, टोकदार, आणि दोघांच्या मधे जेमतेम एका कानाची जागा. समोरून चेहरा खाली हनुवटीकडे निमुळता होतो. तुम्ही म्हणालासा, "गाल बघा की केवढे गोल आहेत". ताई, तो एक वर्ष आठ महिन्यांचा बोका आहे, नसबंदी झालेली नाही, अशा बोक्याला वयात आल्यावर गाल फुगतातच. गल्लीतल्या मारकुट्या बोक्याला पण फुगतात.

मग अंग. पर्शियन म्हणजे ठेंगणं, छाती रुंद, पाय आखूड आणि जाड, शेपूट पण अंगाच्या मानाने आखूड. आंघोळ घालताना केस चिकटले की हे लपत नाही. शेरू ओला झाल्यावर लांब सडपातळ निघाला, पाय उंच, आणि शेपूट पाठीवर धरली तर खांद्याच्या जवळ पोचली. मांजर कुठलं हे बघायचं असेल तर ओलं बघावं, कोरडं असताना केसच बोलतात.

केसांचं पण सांगतो, कारण सगळा घोळ त्यातनंच होतो. पर्शियनच्या कुशीत केस फुंकून बाजूला केले तर खाली लोकरीसारखा दाट अंडरकोट लागतो, पाठीवर, खांद्यावर, सगळीकडे. शेरूचे केस रेशमी आहेत, सुंदर आहेत, मी नाही म्हणतच नाही, पण पाठीवर आणि खांद्यावर तोकडे, आणि लांबी सगळी शेपटीला, पोटाला आणि मागच्या मांड्यांना. घरगुती लांब केसाळ मांजराचं हेच रूप असतं. (उन्हाळ्यात चांगल्या पर्शियनचा पण अंडरकोट झडतो, त्यामुळे नुसत्या केसांवर पण मी बोलत नाही. कान, अंग आणि केस तिन्ही एकच सांगत होते म्हणून बोललो.)

आणि लांब केस म्हणजे आई नाहीतर बाप पर्शियन, असंही नाही. लांब केसांचा गुण दोन्हीकडून आला तरच दिसतो, एकाकडून आला तर आत लपून राहतो. त्यामुळे साध्या आखूड केसांच्या मांजरीच्या वेतात मधेच एखादं झुपकेदार पिल्लू निघतं. पंचेचाळीस दिवसांचं असताना तर सगळीच पिल्लं गोल तोंडाची आणि फुगीर. तुम्ही तेव्हा घेतलासा, तुमची चूक नाही.

नंतर मुलाने मोबाईलवर बघून सांगितलं की कपाळावर एम आहे म्हणजे मेन कून. तेही नाही. एम पट्टेदार रंगाचा असतो, कुठल्याही पट्टेदार मांजराला येतो, आणि भगव्या मांजराला पट्टे थोडेफार असतातच. मेन कूनचं तोंड पुढून चौकोनी खोक्यासारखं असतं.

एक मात्र मला मान्य आहे. "नाहीच" असं ठाम म्हणायला नको होतं. कुठेतरी मागे पर्शियन मिसळलेलं असेल नसेल, नुसतं बघून कोण सांगणार. जात लिहून द्यायची तर सीएफएसारख्या संस्थेत नोंद आणि मागच्या पिढ्यांचा कागद लागतो. तुम्ही दाखवलेलं लसीचं कार्ड तो कागद नव्हे, त्यावर आपण सांगू तीच जात डॉक्टर लिहितात. पुढच्या वेळी कुठून घेतलं तर हा कागद आधी मागा. आणि ज्याने १२ हजार घेतले त्याला पण एक स्टार द्यायला हवा होता, आम्हालाच का?

बोर्डवरचा "पर्शियन" शब्द काढून नुसतं "लांब केस" लिहायचं ठरवलंय, पेंटर गणपतीच्या कामात आहे, तो मोकळा झाला की होईल. बाकी पण सुधारणा करतोय. तुमच्या रिव्ह्यूनंतर निपाणीच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, तुम्ही मांजराला नावं ठेवता म्हणे? दुकानाचा हप्ता चालू आहे ताई, असल्या फोनने झोप उडते.

शेरूला दिवसाआड कंगवा करा, काखेत आणि कानामागे विसरू नका, पोटाचे केस येतील परत. त्याचा निळा पट्टा टेबलावर राहिलाय, काउंटरच्या खणात ठेवलाय. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या.