किमान व्यायामाने ताकद वाढत नाही, मग तो करायचा कशाला?

वाचकाची प्रतिक्रिया:

"रोजच्या एखाद्या सवयीला व्यायाम जोडा आणि पूर्ण व्यायाम जमणार नाही त्या दिवशी दोन-पाच मिनिटांचा किमान व्यायाम तरी करा, असं तुम्ही लेखात म्हटलंय. स्पष्टच लिहितो, लेख पटला नाही. दोन-पाच मिनिटांच्या व्यायामाने काहीही होत नाही, ही स्वतःची समजूत घालण्याची पद्धत आहे. ऑफिसमधून घरी आल्यावर व्यायाम, अशी सवयीला सवय जोडून मीही पाहिली. आठवड्याला पाच दिवस, ४५ मिनिटं. नाहीच झालं तर 'जमेल तेवढं, निदान दहा मिनिटं'. दोन आठवडे उत्तम गेले. तिसऱ्या आठवड्यात सेट तीनचे चार केले आणि त्याच आठवड्यात सगळं बंद पडलं. २१ दिवसांत सवय लागते म्हणतात, माझी २१ दिवसांत सुटली."

उत्तर:

आठ स्क्वॉट्सनी पाय मजबूत होणार नाहीत, यात वाद नाही. पण किमान व्यायामाचं ते कामच नाही. ठरलेल्या खुणेनंतर, म्हणजे रोजच्या एखाद्या कृतीनंतर, ठरलेली हालचाल झाली, ही साखळी त्या दिवशी तुटू न देणं, एवढंच त्याचं काम आहे. ताकद पूर्ण व्यायामाच्या दिवशी वाढते.

आधी २१ दिवसांबद्दल, कारण तुमच्या तिसऱ्या आठवड्यावर त्या आकड्याचं ओझं होतं असं मला वाटतं. तो आकडा व्यायामातून आलेलाच नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लॅस्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की, शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. पुढे सांगोवांगी त्यातलं 'निदान' गळून पडलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. त्यात एखादी गोष्ट आपोआप होऊ लागण्याचा काळ १८ ते २५४ दिवस असा पसरलेला निघाला आणि मधला आकडा ६६ दिवसांचा होता. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला. म्हणजे एकविसाव्या दिवशी व्यायाम जड वाटणं अगदी अपेक्षित आहे. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, हेही लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात शरीराकडूनही काही पोच मिळत नाही. पहिल्या दिवसांत अंग दुखतं, आणि गंमत म्हणजे त्या दुखण्यानेच काहीतरी घडतंय असं वाटतं. त्याच हालचाली पुन्हा पुन्हा केल्या की ते दुखणं कमी होतं. सुरुवातीची ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. आरशात दिसेल असा फरक पडायला बहुतेकांना दीड-दोन महिने लागतात. नवलाई संपलेली, दुखणं गेलेलं आणि फरक अजून दिसत नाही, नेमक्या अशा वेळी तुम्ही सेट वाढवलेत. तीनचे चार म्हणजे एक तृतीयांश काम जास्त, आणि ४५ मिनिटांची जवळजवळ ६० मिनिटं. या आठवड्यात करायला हवं होतं उलट: व्यायाम तेच, वजन तेच, पण सेट दोन. वजन कायम राहिलं तर कमावलेली ताकद टिकवायला, ती कमावताना लागलं त्यापेक्षा बरंच कमी काम पुरतं. त्यामुळे या आठवड्यात नुकसान होत नाही.

आता जोडणीकडे. 'ऑफिसमधून घरी आल्यावर' ही खूण नाही, तो एक लांबलचक कालखंड आहे. दार उघडण्यापासून झोपेपर्यंतचा सगळा वेळ 'घरी आल्यावर'च असतो, त्यामुळे 'आता' असा क्षण येतच नाही. खूण म्हणजे एखाद्या कृतीचा शेवट, जो डोळ्यांना दिसतो किंवा हाताला जाणवतो: बूट काढून रॅकवर ठेवले, दात घासून ब्रश स्टँडमध्ये ठेवला. शिवाय ती कृती जिथे संपते तिथून व्यायामाची जागा चार पावलांवर हवी. मध्ये सोफा आणि मोबाइल आले की जोडणी तिथेच सुटते.

तुमच्या बाबतीत मी बुटांची खूण घेईन. वाक्य असं लिहा: "बूट रॅकवर ठेवले की तिथेच, खुर्चीसमोर, आठ स्क्वॉट्स." कपडे बदलणं, चटई अंथरणं हे त्यानंतर. ऑफिस नसलेल्या दिवशी ही खूण येतच नाही, म्हणून पाचही दिवस ऑफिसचेच ठेवा किंवा सुट्टीसाठी ब्रशची वेगळी खूण ठरवा. एकच खूण दोन्हीकडे ताणू नका.

'जमेल तेवढं' हाही किमान व्यायाम नव्हे. थकलेल्या माणसाला दारात उभं राहून किती जमेल याचा हिशोब करायला लावलं, तर उत्तर बहुतेकदा शून्य येतं. आकडा आधीच ठरलेला हवा. तुमच्यासाठी: खुर्चीवर टेकून उठायचे आठ स्क्वॉट्स, भिंतीला हात टेकवून सहा पुशअप्स, २० सेकंद प्लँक. दोन मिनिटांच्या आसपास, ऑफिसच्या कपड्यांत, साधनांशिवाय. पूर्ण व्यायामाची सुरुवातही याच तीन हालचालींनी करा, म्हणजे खूण मिळाल्यावर रोज पहिली हालचाल तीच राहते. या तिन्ही झाल्यावर थांबायची पूर्ण मुभा ठेवा. 'सुरू केलं की आपोआप पुढे करेन' असा छुपा बेत मनात असेल, तर दोन मिनिटंही ४५ मिनिटांइतकीच जड वाटू लागतात.

यात फसायची जागा अशी की रोजच किमान होऊ लागतं, आणि तिथे तुमचा आक्षेप खरा ठरेल. म्हणून एक मर्यादा घाला. लागोपाठ तीन व्यायाम किमानावरच थांबले, तर पूर्ण व्यायाम मोठा झालाय असं समजा आणि तो एक तृतीयांशाने कापा, म्हणजे ४५ची ३० मिनिटं. आठवड्यात निदान दोन दिवस पूर्ण व्हायला हवेत.

एखादा दिवस साफ चुकला, तर कॅलेंडरवर त्या चौकोनात एक अक्षर लिहा: लक्षातच आलं नाही तर विसरल्याचा 'वि', आठवलं पण केलं नाही तर टाळल्याचा 'टा'. 'वि' जास्त असतील तर खूण बदला, व्यायामाला हात लावू नका. 'टा' जास्त असतील तर खूण ठीक आहे, आकार छाटा. बहुतेक लोक दोन्ही वेळी स्वतःलाच आळशी ठरवतात आणि चुकीचा भाग दुरुस्त करत बसतात. तुमच्या वर्णनावरून पहिल्या दोन आठवड्यांत उत्साहाने खुणेची उणीव भरून काढली आणि तिसऱ्यात 'वि' व 'टा' दोन्ही एकदम आले असावेत. ताप, सांधेदुखी, चक्कर किंवा छातीत दुखणं यांसाठी मात्र किमान व्यायाम नाही. त्या दिवशी व्यायाम बंदच. आणि छातीत दुखत असेल तर डॉक्टरांना लगेच गाठा.

पुन्हा सुरू करताना पहिले दोन आठवडे ३० मिनिटं आणि तीन सेट, तिसऱ्यात दोन सेट, चौथ्यात पुन्हा तीन. चौथा सेट सहाव्या आठवड्याच्या आधी नको, आणि तोही फक्त एकाच व्यायामाला. किमान व्यायामाचा आकडा मात्र तेव्हाही आठ, सहा आणि वीसच राहू द्या. चौथा आठवडा संपल्यावर कॅलेंडरवर कुठली अक्षरं जास्त आली ते इथे जरूर लिहा, त्यावरून पुढचा बदल ठरवता येईल.