आठच तर पानं आहेत!

मुलीचं लग्न चार-पाच दिवसांवर आलं की वधूपित्याला ठरावीक सुराचे फोन येऊ लागतात. "रागावणार नसशील तर एक विचारू?" परवा आमच्या एका काकांनी असंच विचारलं आणि मी रागवायच्या आत सांगूनही टाकलं. त्यांच्या सोसायटीतली आठ मंडळी येणार आहेत. "आठच तर पानं आहेत!" अशा वेळी मन न दुखावता नाही कसं म्हणावं, याबद्दल माझा सल्ला अनेकांना उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे 'नाही' हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. गोड आवाजात "बघतो" म्हणा. तेवढ्यावर काका गाडी ठरवतात, सोसायटीत निरोप देतात, आणि तुमचं मात्र सौजन्य टिकतं.

दुसरं, खापर बायकोवर फोडा. संसाराला तीस वर्षं झाली, आणखी एकाने काय फरक पडतो?

तिसरं, पैशांचं कारण सांगा. मग काका लगेच उदार होतात, "अरे, आठ पानांचे पैसे मी देतो की!" आता तुम्ही कंजूष ठरलात आणि ते दाते. मग त्यांना सगळा हिशेब नीट समजावून सांगा, म्हणजे त्यांनाही बरं वाटेल. केटररला 300 पानांचा आकडा कळवलाय, दर 750 रुपये. किराणा भरलाय, आचारी आणि वाढपी त्या आकड्यावर ठरलेत. पंगतीला एका वेळी 100 जण बसतात. मुहूर्त 11 वाजून 52 मिनिटांचा, म्हणजे पहिली पंगत साडेबाराला. वाढणं, आग्रह, ताटं उचलणं, टेबलं पुसून पुन्हा पानं मांडणं, यात पाऊण तास जातो. तीन पंगती संपायला पावणेतीन. तिसऱ्या पंगतीत कोण असतं? विहीणबाई, नवरा-नवरी आणि पहाटेपासून धावणारी आमच्या घरची माणसं. काकांचे आठ जण पहिल्या पंगतीला बसले की पहिल्यातले आठ दुसऱ्यात सरकतात, दुसऱ्यातले तिसऱ्यात, आणि शेवटी मुलीच्या दोन मावश्या, करवल्या आणि माझी बायको हात धुऊन उभ्या राहतात. मठ्ठ्यात पाणी घालता येतं हो, जिलबीत काय घालू? बरं, आठ जणांसाठी चौथी पंगत मांडायची, तर वाढपी आवरायला लागलेले, आणि चार वाजता कार्यालय रिकामं करायचंय. संध्याकाळच्या रिसेप्शनवाल्यांचे डेकोरेटर तोवर फुलांचे गठ्ठे घेऊन दारात उभे असतात आणि आपल्या घरच्यांच्या ताटांकडे बघत असतात.

आणि आठ आठवर थांबतात असं तुम्हाला खरंच वाटतं? काकांना आठ दिली हे आत्याला संध्याकाळपर्यंत कळतं. तिची सहा. मग साडूंची सात, भावाच्या ऑफिसची पाच. झाली 26. याच दराने साडेएकोणीस हजार, आणि आयत्या वेळच्या पानांना केटरर याच दराने हो म्हणेल तेव्हा. पैसे घेऊनही त्याला पुरवता आलं नाही, तर पानावरून उपाशी उठलेला माणूस केटररचं नाव घेत नाही, मुलीच्या बापाचं घेतो.

चौथं, फोनच उचलू नका. काका घरी येतील.

पाचवं, केटररवर ढकला. हा सल्ला मी थट्टेत देणार होतो, पण खरं सांगायचं तर एवढाच लागू पडतो, कारण तो खोटा नाही. "काका, आकडा सोमवारी कळवून झाला, आता एकही पान वाढत नाही. तुम्ही आणि काकू या. मंडळींना मुलगी-जावई मांडवपरतणीला आले की घरी चहाला बोलावतो." एका दमात, त्याच फोनवर सांगायचं. मधे "तरी विचारून बघतो" आलं की संपलं. आणि काकांना नाही म्हटल्यावर आत्यालाही नाहीच म्हणायचं. तिला दोन पानं दिलीत, तर काकांकडे पुढची दहा वर्षं तोच विषय.

पण आता गोडगोड पुरे झालं. पत्रिकेवर तुमचं आणि काकूंचं नाव होतं, काका. सोसायटीचं नव्हतं. ज्यांनी माझ्या मुलीला कधी पाहिलं नाही, तिचं नाव ज्यांना माहीत नाही, त्यांना माझ्या मांडवात तुमचं वजन दाखवायला आणताय. तुमच्या घरी वास्तुशांत होती तेव्हा आम्हाला "घरच्या घरीच आहे रे" म्हणून सांगितलंत, आणि आम्ही मुकाट्याने ऐकलं. त्या आठ जणांना तुम्ही मला विचारायच्या आधीच "या" म्हणून बसला आहात, हे न कळायला मी लहान नाही. आमंत्रण तुम्ही दिलंत ना? मग नकाराचे फोनही तुम्हीच करा, आणि आजच करा.