पहिल्या ओळीत क्रियापद हवे

वाचकाची प्रतिक्रिया: “‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या ओळीला तुम्ही उगाच नावं ठेवलीत. प्रत्येक जण लेखक नसतो. आणि ज्या घरात यंदाच कोणी गेलंय, तिथे काही वेगळं लिहायला गेलो आणि नेमका जखमेला हात लागला तर? ठरलेली ओळ निदान कोणाला दुखवत तरी नाही.”

नमस्कार.

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते. माझ्या मामीचा वाढदिवस मार्गशीर्षात येतो. तीन वर्षांपूर्वी श्रावणात मामा गेले आणि त्यानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला मी ठरलेली ओळ लिहून पाठवणारच होते. मग लक्षात आले की वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांच्याकडे सण करत नाहीत, आणि माझ्या त्या संदेशात पुढे ‘हा दिवस आनंदाने साजरा होवो’ असेही होते. दुखवणार नाही असे आपण ज्या ओळीबद्दल म्हणता, ती त्या घरात नक्कीच खुपली असती.

ती पुसून मी लिहिले, “मामी, मामांशिवायचा हा तुझा पहिला वाढदिवस.” हे खरे होते, पण ती सकाळी उठल्यापासून जे सोसत होती तेच मी तिला पुन्हा सांगत होते. त्यानंतर “मामी, काय लिहावं हेच सुचत नाही” असे लिहून पाहिले. ही ओळ प्रामाणिक वाटते, परंतु तिच्यात मामी नाहीच, माझी अडचण आहे, आणि ती वाचल्यावर माझी समजूत घालण्याचे काम मामीवर आले असते. शेवटी जे पाठवले ते असे होते: “मामी, आज सकाळी चहात आलं किसताना तुझा ओटा आठवला. संध्याकाळी सहाला फोन करते. बोलावंसं वाटलं नाही तर उचलू नकोस.”

मामा दर वाढदिवसाला सकाळचा पहिला चहा स्वतः करत आणि त्यात आले जरा जास्तच घालत, हे आम्हा दोघींना ठाऊक होते. त्यामुळे मामांचे नाव न घेताही ते त्या ओळीत होते. मात्र त्यांच्याविषयी बोलायचे की नाही, हे ठरवणे मामीच्या हाती राहिले. जखमेला हात लागू नये, ही आपली काळजी मला मान्य आहे, आणि माझ्या अनुभवात ती अशाच तऱ्हेने सांभाळता येते: दुःखाला नाव देण्याऐवजी दोघांच्या ओळखीची एखादी लहानशी वस्तू किंवा कृती सांगावी.

आता ठरलेल्या ओळीबद्दल. तिच्या रचनेकडे पाहा, तिच्यात क्रियापदच नाही. कोण, कोणाला, काय करते आहे, यातले काहीच तिथे लिहावे लागत नाही. मराठीत क्रियापद आणले की ‘तू’ की ‘तुम्ही’ हे ठरवावे लागते, ‘करते’ की ‘करतो’ हेही ठरते, आणि नाते आपोआप ओळीत उतरते. यासाठी लेखक असण्याची गरज नाही. कचेरीतल्या वरिष्ठांना “सर, मार्चअखेरीच्या गर्दीतही तुम्ही माझी रजा अडवली नाहीत, ते मी विसरलेलो नाही” असे लिहिणारा माणूस एक घडलेली गोष्ट सांगतो आहे, एवढेच. लिहून झाल्यावर त्या ओळीतले नाव बदलून पाहावे. दुसऱ्या कोणालाही ती तशीच चालत असेल, तर ती अजून ठरलेलीच आहे.

आपण म्हणाल, आपल्या पत्रांचे मायनेही ठरलेलेच होते. होते, परंतु ते अनेक होते आणि त्यांतून निवड करावी लागे. वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, धाकट्याला ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, आणि मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या पत्रावर ‘श्री’ घालत नसत. त्यामुळे मजकूर वाचण्याआधीच वाचणाऱ्याला सूर कळत असे. आज एकच ओळ बहिणीला, साहेबांना आणि नुकत्याच एकट्या पडलेल्या मामीला जाते. माझी तक्रार त्या शब्दांबद्दल नाही, ही निवड नाहीशी झाली याबद्दल आहे. फोन न उघडता पडद्यावर बहुधा पहिली एकदोन वाक्येच दिसतात, म्हणून ती निवड तिथेच दिसायला हवी. ‘हार्दिक शुभेच्छा’ शेवटी खुशाल लिहाव्यात. तिथे त्या सहीसारख्या शोभतात.

एका ठिकाणी मात्र मी आपल्याशी सहमत आहे. ज्याच्याशी केवळ तोंडओळख आहे आणि ज्याच्या घरी यंदा काय घडले हे ठाऊक नाही, त्याला ओढूनताणून आठवण लिहू नये. तिथे साध्या शुभेच्छाच योग्य, फक्त ‘आनंदाने साजरा होवो’ हे शब्द गाळावेत. तसेच मामीला लिहिली तशी ओळ कुटुंबाच्या समूहावर टाकू नये; चाळीस जणांसमोर तिला उत्तर देणे भाग पडते.

मामीने त्या संध्याकाळी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच केला, आणि पहिले वाक्य होते, “आलं किती घातलं होतंस?”