‘डिस्कंटिन्युएशन ऑकर्ड’, पण औषध थांबवलं कोणी?

इंग्रजीत शोधनिबंध लिहायला बसलं की चांगल्या चालत्या क्रियापदांची नामं करायची आपल्याला सवय लागलेली असते. ‘वी अ‍ॅनलाइज्ड’ लिहिताना हात अडखळतो, ‘अ‍ॅन अ‍ॅनालिसिस वॉज परफॉर्म्ड’ मात्र सहज उतरतं. याला नॉमिनलायझेशन म्हणतात. वाक्य जड होतं ही त्याबद्दलची नेहमीची तक्रार. मला ती दुय्यम वाटते. खरा धोका हा की माहिती गळते आणि गळल्याचं कळतही नाही.

समजा, एका औषधाच्या चाचणीच्या अहवालात हे वाक्य आहे: ‘ट्रीटमेंट डिस्कंटिन्युएशन ऑकर्ड इन ट्वेल्व्ह पेशंट्स.’ व्याकरण चोख, थाट शास्त्रीय. पण औषध थांबवलं कोणी? मळमळ सहन न होऊन रुग्णांनी स्वतःच गोळ्या सोडल्या, की यकृताच्या तपासणीचे आकडे वाढलेले दिसले म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या? पहिल्या शक्यतेत औषध घेणं त्रासाचं आहे, दुसऱ्यात ते कदाचित घातक आहे. शिवाय ते कायमचं थांबवलं की चार दिवसांपुरतं? ‘ऑकर्ड’मुळे तर असं वाटतं की कुणी काही केलंच नाही, पाऊस पडावा तसं ते घडलं.

आता क्रियापद परत आणा: ‘सेव्हन पेशंट्स स्टॉप्ड टेकिंग द ड्रग, वी स्टॉप्ड इट इन फाइव्ह.’ अशा कर्तरी वाक्यात ‘स्टॉप्ड’ला कर्ता द्यावाच लागतो, म्हणून लिहिणाऱ्याला नोंदवही उघडून बघावं लागतं. नामाला कर्ता नसला तरी चालतं. ‘बाय द पेशंट’ जोडता येतं, पण जोडायची सक्ती नाही, आणि जिथे सक्ती नाही तिथे घाईत माणूस ते गाळतोच. (कर्मणी प्रयोगावर सगळे तुटून पडतात, त्यातही कर्ता लपतो हे खरं, पण ‘वॉज स्टॉप्ड’मध्ये निदान कुणीतरी थांबवलं एवढं तरी उरतं.)

म्हणून कच्चा खर्डा वाचताना मी ऑकर्ड, परफॉर्म्ड, कंडक्टेड, कॅरीड आउट या शब्दांपाशी थांबते. त्यांच्या शेजारी बहुधा ‘-शन’ किंवा ‘-मेंट’ने संपणारं नाम असतं आणि खरी क्रिया त्याच्या पोटात असते. ती बाहेर काढून कोणी, काय, कधी केलं ते विचारायचं. लेखकाला चटकन उत्तर देता आलं तर वाक्य बदलून काम भागतं. उत्तर देता आलं नाही, तर मूळ नोंदीच तपासाव्या लागतात.

सगळी नामं हटवा असं मात्र मी म्हणणार नाही. वरचं सात-पाचचं वाक्य लिहून झाल्यावर पुढे ‘दीज डिस्कंटिन्युएशन्स’ म्हणून त्यांच्या कारणांकडे वळणं अगदी योग्य. वाचकाला तोवर सगळं सांगून झालेलं असतं आणि ते नाम फक्त मागचा धागा उचलतं. माझं भांडण आहे ते पहिल्याच उल्लेखात, कर्ता सांगण्याआधी येणाऱ्या नामाशी.