एका ‘तरी’वर माझी वीस मिनिटं जातात

डोकं फिरलंय माझं आज. गेल्या बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी मी माझ्या बॉयफ्रेंडला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “रविवारी इचलकरंजीला येणार आहेस का?” मैत्रिणीचा साखरपुडा, गाडी ठरवायची, चारजण पैसे भरणार. सव्वाला टिका निळ्या झाल्या. त्याची दुसरी पाळी, शिरोलीला तीनला हजर व्हायचं, म्हणजे तेव्हा हा घरीच होता. एकदा फाउंड्रीत शिरला की फोन लॉकरमध्ये, ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल मी एक शब्द बोलत नाही. पण सव्वा ते अडीच? ‘हो’ लिहायला किती वेळ लागतो?

आणि खरा संताप पुढेच आहे. उत्तर तो देत नाही, पण शब्द मी मोजायचे. रांगोळी घालावी तसा एकेक शब्द जपून ठेवायचा, का तर त्याला टोमणा वाटायला नको आणि मी मागे लागल्यासारखीही दिसायला नको. आपल्या भाषेत हे सोपं नाही हो. “सांग” म्हटलं की साधं आहे. “सांग ना” म्हटलं की विनवणी झाली. “सांग तरी” म्हटलं की भांडण सुरू. “निदान सांग तरी” म्हटलं तर मागच्या सहा महिन्यांचा हिशोब निघाला. “येणार आहेस का?” हा प्रश्न आहे, “येणार आहेस की नाही?” ही उलटतपासणी. एवढ्याशा अक्षरांत आख्खा सूर बदलतो आणि स्क्रीनवर माझा आवाज त्याला ऐकू येत नाही, मग सगळं कडूच वाचलं जातं.

त्या बुधवारी रात्री मी काय काय लिहून पुसलं ते सांगते. “बिझी आहेस का?” पुसलं, कारण त्यात रविवारचं काहीच नाही, त्याने फक्त सफाई द्यायची. “तू नेहमी असंच करतोस” पुसलं, कारण तो एखादा दिवस शोधून दाखवणार, जेव्हा त्याने लगेच उत्तर दिलं होतं, आणि वाद ‘नेहमी’वर जाणार. “राहू दे, काही नाही” हे तर पाठवलंच होतं! मग लगेच सगळ्यांसाठी डिलीट केलं. पण डिलीट केल्याची खूण राहतेच की तिथं, ती तर आणखी वाईट. पंधरा मिनिटांच्या आत एडिट करता येतं, ते सुचलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी गेलं ते हे: “रविवारची गाडी उद्या दुपारी बारापर्यंत सांगायची आहे. तुझं कळलं तर तुझी जागा धरते. कळलं नाही तर मी बाकीच्यांबरोबर जाते, तू नंतर तुझ्या गाडीनं ये.” आधी त्यात ‘नाहीतर’ होतं. ते काढलं, धमकी वाटत होती. या मेसेजात त्याच्या स्वभावावर एक अक्षर नाही. वेळ आहे, आणि तो गप्प राहिला तर काय होणार ते आहे. मुख्य म्हणजे तसंच करायचं असतं. बारा वाजले, उत्तर नाही, मी चारजणांची गाडी सांगितली. दुपारी दोनला “येतो की, थांब” आलं. मी थांबले नाही. “जागा भरल्या, साडेदहाला तिथं भेटू” एवढंच लिहिलं आणि तो आला, गाडीवरनं, वेळेत.

म्हणजे गाडीचं जमलं. पण मला दिवसभर करमत नाही त्याचं काय? ते बारा वाजेपर्यंतच्या मुदतीत बसत नाही. असलं काही पोटात असताना मेसेज लिहिला की साध्या “जेवलास का?”लाही धार येते. म्हणून ते लिहायचंच नाही असं ठरवलं. सोमवारी रंकाळ्यावर समोर बसून, शांतपणे सांगितलं: “मला लांबलचक उत्तर नको. बघितलंस आणि वेळ नसेल तर ‘रात्री बोलतो’ एवढंच टाक. दिवसभर माझं चित्त लागत नाही.” तर म्हणतो, “मग हे आधी का बोलली नाहीस?” आधी! सहा महिने मी ‘तरी’ आणि ‘ना’ पुसत बसले, त्याची वाफ कुठं जाणार होती? पण मान हलवली त्यानं, खरंच हलवली.

आज दोन वाजता आलं, “रात्री बोलतो.” किती बरं वाटलं! आता रात्रीचे पावणेएक. पाळी अकराला सुटते, पंचवीस मिनिटांत तो घरी असतो, आणि मित्रांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज साडेबाराचा आहे. “वा, ग्रुपवर बोलायला वेळ आहे” हे लिहून झालंय, पुसून झालंय. हात थरथरतोय रागानं. पाठवलं ते एवढंच: “झोपते आता. सकाळी सात ते साडेसात मोकळी आहे, फोन कर.”